खोक्यावरचा सहा

गॅस गीझर घेताना माणूस एकच आकडा वाचतो: ६ लिटर. हा आकडा खोक्यावर इतका ठळक छापलेला असतो की त्याच्याखालची बारीक ओळ म्हणजे छापखान्याचा पत्ता असावा असं वाटतं. त्या ओळीत लिहिलेलं असतं की मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापेल. ‘तापेल’ म्हणजे नळाच्या पाण्यापेक्षा २५ अंश वर जाईल, एवढंच. टाकीत १५ अंशांचं पाणी असेल तर अंगावर ४० अंशांचं येईल. तेच वरून पाऊस पडल्यासारखा दिसणारा मोठा शॉवर लावून मिनिटाला १२ लिटर ओढले, तर तापमान जेमतेम साडेसत्तावीसवर जाईल, आणि गीझर खराब निघाला असा निकाल आंघोळीतूनच ओरडून जाहीर होईल. गीझर बिचारा हिशेबाला पक्का असतो. आगीला तेवढंच जमतं.

म्हणून आमच्यासारखी गीझर बसवण्याच्या उद्योगात पडलेली माणसं गीझरच्या आधी बादली मागतात. घरातल्यांना हे आवडत नाही. मशीन भिंतीवर चढलेलं पाहायला सगळे जमलेले असतात आणि आम्ही घड्याळ हातात धरून १० लिटरची बादली भरताना बघत बसतो. जिथे गीझरचं पाणी घेणार त्याच नळाखाली, त्याच उंचीवर ती भरायची. १०० सेकंदांत भरली तर मिनिटाला ६ लिटर. खोक्याचं आणि नळाचं जमलं. चार मिनिटं लागली तर मिनिटाला अडीच लिटर, आणि इथे गोष्ट अडते. कारण गीझरच्या पोटात एक रबरी पडदा असतो. पाणी पुरेशा जोराने वाहिलं तरच त्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा फुगून एक पिन ढकलतो, पिनेमुळे स्विच लागतो, मग ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. मिनिटाला अडीच-तीन लिटरच्या खाली बऱ्याच गीझरांचा पडदा ढिम्म हलत नाही. मग लोक बॅटऱ्या बदलतात. नव्या बॅटऱ्या घालूनही पेटत नाही म्हटल्यावर आणखी महागाच्या घालतात.

गच्चीवरच्या टाकीचा दाब काढायला यंत्र लागत नाही. १० मीटर उंचीला १ बार, हा हिशेब पुरतो. टाकीतलं पाणी शॉवरच्या अडीच मीटर वर असेल तर दाब पाव बार, म्हणजे पुष्कळ गीझरांच्या किमान अटीच्या उंबरठ्यावर. त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या माणसाला देखावा छान मिळतो आणि आंघोळ थंड. त्याने टाकीपासून गीझरपर्यंतची लाइन पाऊण इंचीच ठेवावी आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या जोडणीला करावा. तरीही बादली रेंगाळली तर प्रेशर पंप लावावा. मोठा गीझर आणू नये. मोठ्या गीझराला पेटायला बहुधा जास्तच प्रवाह लागतो.

जोडणीत एक गोष्ट हमखास राहते: लाइन धुणं. नव्या पाइपात सिमेंटचे कण, पाइप कापल्याचा चुरा आणि टेफ्लॉन टेपचे धागे असतात. गीझर जोडण्याआधी थंड पाण्याचं टोक उघडं ठेवून दोन बादल्या पाणी सोडून द्यावं. नाही तर हे सगळं साहित्य इनलेटच्या छोट्या जाळीत जमतं आणि आठ दिवसांचा गीझर ऐंशी वर्षांचा होतो. जिथे नळीच्या नटात रबरी वॉशर आहे तिथे टेप गुंडाळायची नसते, पाणी वॉशर अडवतो. पण टेप गुंडाळल्याशिवाय प्लंबरला आपण काम केलं असं वाटत नाही. गरम बाजूला साधा पीव्हीसी पाइप नको. सीपीव्हीसी चालतो, मात्र तोही गीझरला थेट न चिकटवता मधे धातूची लवचीक नळी घ्यावी.

इतकं सगळं जमलं की थंडीचे दिवस सुखात जातात. मग उन्हाळा येतो आणि मिक्सरचं युद्ध सुरू होतं. नळाचं पाणीच ३० अंशांचं, गीझर त्यात २५ घालतो, अंगावर ५५ अंश. माणूस ओरडतो आणि थंडाची चावी उघडतो. थंड पाणी वाढलं की गरम बाजूचा प्रवाह मागे रेटला जातो, तो तीन लिटरच्या खाली गेला की पडदा बसतो आणि आग विझते. आता नुसतं गार पाणी. माणूस थंड बंद करतो, प्रवाह वाढतो, गीझर धप्पकन पेटतो, पुन्हा ५५. तबला लावणाऱ्या वादकासारखा तो दोन्ही चाव्यांवर हात ठेवून सूर शोधत राहतो, आणि साबण डोळ्यात जातो. गरमाची चावी बारीक केली तर आणखी वाईट: तीच आग ३ लिटर पाण्याला मिळते आणि वाढ २५ऐवजी ५० अंशांची होते. यावर उपाय मिक्सरवर नाहीच, तो गीझरच्या तोंडावर आहे. तिथलं बटण उन्हाळ्यावर करावं, म्हणजे कमी बर्नर पेटतात. गॅसची मूठ खाली आणावी. गरमाची चावी पूर्ण उघडी ठेवावी आणि थंडाला हात लावू नये. बटण नसलेला गीझर मी कुणाला घेऊ देत नाही.

पाण्याचा हिशेब चुकला तर माणूस फक्त चिडतो. त्याच सहा आकड्याचा हवेचा हिशेब मात्र कुणी विचारतच नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं म्हणजे साधारण साडेदहा किलोवॉट. वाया जाणारं धरून तासाला सुमारे १ किलो एलपीजी. हा एक किलो गॅस नीट जळायला जवळजवळ १३ घनमीटर हवा लागते, म्हणजे मिनिटाला दोनशेहून अधिक लिटर. आता पाच बाय सातचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात हवा असते ८,००० लिटरच्या आसपास. खिडकी बंद, दार बंद, दाराखाली पायपुसणं. हवेतला प्राणवायू २१ टक्के असतो. तो १८वर उतरायला त्याचा सातवा हिस्सा जळावा लागतो, आणि या खोलीत त्याला लागतात पाच ते सहा मिनिटं. त्याच्या आसपास ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड भराभर वाढू लागतो. अनेक गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात आणि लोक त्याच भरवशावर असतात. आपली आंघोळ त्याआधी आटोपते हे खरं, पण हवा त्याच्याही आधी आटोपलेली असते.

कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. गॅसला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, आणि ते रसायन ज्योतीत जळून जातं. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ हे वाक्य गळतीपुरतं खरं, धुरासाठी साफ खोटं. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं हे गरम पाण्याच्या वाफेचं कौतुक समजून सोडून देऊ नये. नळ बंद करून दार उघडावं आणि मोकळ्या हवेत यावं.

म्हणूनच गीझरची सर्वांत चांगली जागा बाथरूममध्ये नसते. तो बाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा उघड्या चौकात लावावा आणि गरम पाणी पाइपने आत आणावं. यावर मिस्त्रीचा आक्षेप ठरलेला: ‘पाइप वाढेल, साहेब.’ वाढतो. आंघोळीच्या सुरुवातीला थोडं गार पाणीही सोडावं लागतं. माथ्यावर नुसत्या खाचा असलेला, धुराची नळी जोडायची सोयच नसलेला गीझर तर फक्त बाहेरच. आतच लावायचा हट्ट असेल तर हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा, पंख्याचा बंद प्रकार घ्यावा.

धूर नैसर्गिक ओढीने वर जातो असा नळीचा गीझर आधीच आत असेल, तर दोन झरोके हवेत. एक जमिनीलगत, एक छताजवळ, दोन्ही थेट बाहेर उघडणारे आणि कायम उघडे. प्रत्येकी मोकळी जागा निदान १५० चौरस सेंटिमीटर, साधारण १० बाय १५, आणि पुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तेवढी. खालचा झरोका ज्योतीला हवा देतो, शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला गॅस तिथूनच बाहेर पडू शकतो. डासांची जाळी लावली की हे माप कमी होतं आणि वर्षभराने धुळीने उरलेलंही बुजतं. थंडीत त्याला वर्तमानपत्राचा बोळा लागतो, तो लावणारा घरचाच असतो आणि विचारलं तर कुणीच लावलेला नसतो.

आता सर्वांचा लाडका उपाय: एक्झॉस्ट फॅन. ‘फॅन आहे ना, मग कसली काळजी!’ बंद खोलीतून फॅन हवा बाहेर ढकलतो, तेव्हा तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. दार घट्ट आणि झरोका बुजलेला असेल तर सर्वांत सोपी वाट म्हणजे धुराची नळी. मग नळीतून वर जाणारा धूर उलटा खाली, थेट आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

नळीचंही आपलं एक शास्त्र आहे. तिचा व्यास गीझरच्या गळ्यापेक्षा तसूभरही कमी नको. रिड्यूसर लावून बारीक करणं म्हणजे धुराला रांगेत उभं करणं. गळ्यातून नळी आधी सरळ वर जावी, निदान दोन फूट, मग वळावी. वळणं दोनच, आडवा भाग आखूड आणि बाहेरच्या दिशेने चढता. पंख्याच्या गीझराची आडवी नळी मात्र सहसा बाहेरच्या बाजूला किंचित उतरती लागते, नाही तर पावसाचं पाणी आत येतं. पुस्तिका इथे तरी उघडावी. नळी स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची, पीव्हीसीची कधीच नाही. बाहेरच्या तोंडावर टोपी हवी आणि ते तोंड कुणाच्याही खिडकीखाली नको, वरच्या मजल्यावरच्यांच्या तर अजिबात नको. चारी बाजूंनी बंद डक्टमध्ये नळी सोडून देणाऱ्यांना धूर दिसेनासा झाल्याचा आनंद होतो.

काम संपलं म्हणून पैसे देण्याआधी एक उदबत्ती मागा. दारं-खिडक्या बंद करा, झरोके उघडे ठेवा, एक्झॉस्ट फॅन असेल तर तोही चालू करा, गीझर पूर्ण ताकदीने पाच मिनिटं पेटवा आणि उदबत्ती नळीच्या गळ्याजवळच्या फटीशी धरा. धूर आत ओढला गेला तर नळी खेचते आहे. तो बाहेर लोटला जाऊ लागला तर नळ बंद करून दार उघडा, आणि नळी, झरोका, फॅन यांतला गुन्हेगार सापडेपर्यंत गॅसचा कॉक बंद ठेवा. मिस्त्री म्हणेल, ‘पहिल्यांदा थोडं होतंच.’ त्याला चहा द्या, पण पैसे दुसऱ्या उदबत्तीनंतरच.