प्रोफाइलचं फॅट किती?

'रिझल्ट-ड्रिव्हन आणि पॅशनेट फुल-स्टॅक डेव्हलपर. मायक्रोसर्व्हिसेस, काफ्का, क्यूबरनेटिस, क्लाउड-नेटिव्ह. स्केलेबल व रोबस्ट सोल्यूशन्स स्पिअरहेड करण्याचा ९ वर्षांचा अनुभव.'

हा मी. निदान लिंक्डइनवर तरी मीच. ह्यातला काफ्का मी एकदाच चालवला होता, एका डेमोपुरता, तोही दुसऱ्याच्या लॅपटॉपवर. मागच्या महिन्यात एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी अत्यंत प्रेमाने विचारलं, "पार्टिशन्स किती ठेवली होतीत, आणि तेवढीच का?" मी म्हणालो, "गरजेनुसार." त्यानंतरची पस्तीस मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून बोलत होतो.

म्हणून प्रोफाइल नव्याने लिहायला बसलो. हेडलाइनला २२० अक्षरं, खालच्या 'अबाउट'ला २,६००. एवढ्या जागेत माणूस स्वतःची बरीच बदनामी करू शकतो.

त्याच आठवड्यात मामा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आमच्याकडे राहिले होते. सांगलीकडचे, दोन म्हशी, तीन गाई. नवा डोळा आजमावायला ते मिळेल ते मोठ्याने वाचत. औषधाची पट्टी, सोसायटीची नोटीस, बिस्किटाच्या पुड्यावरचे घटक. तसंच एकदा माझ्या खांद्यावरून त्यांनी स्क्रीन वाचली. इंग्रजी संपल्यावर म्हणाले, "आता मराठीत सांग."

मी सुरुवात केली. 'परिणामांनी हाकलेला व उत्कट...' आणि थांबलो. मराठीत तो माणूस बैलगाडीला जुंपलेला वाटत होता. 'स्पिअरहेड'पाशी तर हातात भालाच आला.

"पाणी लई हाय," मामा म्हणाले. "फॅट किती लागलं ते सांग. काय केलंस तू?"

मग मी त्यांना दुधाच्या बिलांची गोष्ट सांगितली. आमच्या कंपनीचा एक क्लायंट दूध संघ होता. सुमारे १४ हजार उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दूध घालणार, दर दहा दिवसांनी बिल. म्हणजे एका बिलामागे २ लाख ८० हजार पावत्या. प्रत्येक पावतीवर लिटर, फॅट आणि एसएनएफ. त्यावरून दरपत्रकात बघून पैसे काढायचे. हे काम रात्री दोनला सुरू व्हायचं आणि सकाळी सहा चाळीसला संपायचं. बँकेला फाइल दहाच्या आत हवी. मध्येच चूक निघाली तर पुन्हा चालवायला तेवढा वेळच नसायचा, आणि पैसे दुसऱ्या दिवसावर जायचे.

"मग? कुटं घोटाळा हुता?"

घोटाळा असा, की प्रोग्रॅम प्रत्येक पावतीसाठी डेटाबेसला नव्याने विचारायला जायचा, 'साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ, दर काय?' उत्तर मिळालं की एक ओळ लिहायची, कायम करायची, की पुढच्या पावतीसाठी पुन्हा तोच प्रश्न. एका पावतीला सगळं मिळून ६० मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही. पण २ लाख ८० हजारने गुणा, चार तास चाळीस मिनिटं होतात.

"म्हंजे दर लिटरमागं भिंतीवरचं दरपत्रक बघायला गावात जायाचं?"

"तेच, मामा." नऊ वर्षांत एन प्लस वन क्वेरी इतकी नीट समजावलेली मी कुणाकडून ऐकली नव्हती.

उपाय काही थोर नव्हता. अख्खं दरपत्रक सुरुवातीलाच एकदा मेमरीत घेतलं आणि ओळी हजार-हजारच्या गठ्ठ्याने लिहिल्या. काम अकरा मिनिटांवर आलं. जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, बस. काफ्का त्या गावाला गेलाच नव्हता.

मी उत्साहाने टाइप केलं : 'परफॉर्मन्समध्ये ९६ टक्के सुधारणा.'

"कशाच्या ९६ टक्के?" मामा. दुधवाल्याला टक्का दाखवू नये. पाच सेकंदांचं काम पाव सेकंदाच्या आत आणलं तरी ९६ टक्केच होतात, आणि त्याचं कुणाला सुतक नसतं. टक्का पुसला, 'चार तास चाळीस मिनिटांवरून अकरा मिनिटं' लिहिलं. एवढं वाचून वाचणाऱ्याला रात्र डोळ्यांसमोर येते.

खरं तर मला 'सात मिनिटं' लिहायचं होतं. एका रात्री सात मिनिटांत झालंही होतं. लॉग उघडून पाहिला तर त्या रात्री दोन चिलिंग सेंटरचा डेटाच आला नव्हता. मग सलग तीन बिलांच्या सुरू-बंद वेळा काढल्या. दहा, अकरा, बारा. अकरा राहू दिले.

पुढचा पेच 'मी'चा. ही गडबड शोधली होती माझ्या टीममधल्या एका नवख्या मुलीने. तिने डेटाबेसमध्ये pg_stat_statements चालू केलं आणि एकाच क्वेरीपुढे २ लाख ८० हजारचा आकडा बघून मला हाक मारली. आता 'लेड' म्हणावं का? मी फार तर 'अरे बापरे' म्हणालो होतो. शेवटी असं झालं :

'दूध संघाच्या दहा दिवसांच्या बिलांचं काम (१४ हजार उत्पादक, २.८ लाख पावत्या) ४ तास ४० मिनिटांवरून ११ मिनिटांवर आणलं. सहकारीने शोधलेल्या एन प्लस वन क्वेरीच्या जागी मी दरपत्रक मेमरीत घेतलं, ओळी गठ्ठ्याने लिहिल्या. जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस. आता चूक निघाली तरी बँकेच्या वेळेआधी बिल पुन्हा चालवता येतं.'

संघाचं नाव घातलं नाही. तसा करार असतो. मग हेच इंग्रजीत नेलं. मराठीतून निघाल्यामुळे वाटेत एकही भाला सापडला नाही.

बझवर्ड्सना मात्र पूर्ण हद्दपार करता येत नाही, हे कबूल करायला हवं. रिक्रूटर गोष्ट शोधत नाही, शब्द शोधतो. 'जावा' लिहिलंच नाही तर आपण त्याच्या दृष्टीने जन्मलोच नाही. म्हणून स्किल्सच्या रकान्यात नावं ठेवली, पण एक अट घालून : त्या नावावर कुणी सलग तीन प्रश्न विचारले तर घाम फुटता कामा नये. चोवीसपैकी नऊ उरली. क्यूबरनेटिस पहिल्याच प्रश्नाला पडलं, काफ्का तर उभाच राहिला नाही. एचटीएमएलवर मन जडलं होतं, तेही काढलं.

दोन आठवड्यांनी मुलाखत. समोरच्याने कागदावर बोट ठेवून विचारलं, "दर मेमरीत आहेत, लिखाण गठ्ठ्याने आहे. मग उरलेली अकरा मिनिटं जातात कुठे?"

मी जवळजवळ त्याला मिठी मारणार होतो. "कपातीत," म्हणालो. पशुखाद्य, ॲडव्हान्स, सोसायटीचा हप्ता. त्या प्रत्येक उत्पादकाच्या वेगळ्या, क्रमही ठरलेला, आणि बिल उणे जाऊ द्यायचं नाही. ते हिशेब अजून एकेकाचे होतात. तिथेही गठ्ठा करता आला असता, पण अकरा मिनिटांवर संघ खूश होता. तो मान हलवत राहिला आणि आम्ही चाळीस मिनिटं सरकी पेंडीवर बोललो.

शेवटी त्याने वही मिटली. "छान. नोटीस पिरियड?"

"नव्वद दिवस."

तो गप्प झाला. घरी येऊन मामांना सांगितलं. त्यांनी बोटं मोजली.

"नव्वद दिस? म्हंजे नऊ बिलं की रं!"