मोठा स्क्रीन दिला म्हणजे विषय संपत नाही

“दिव्यांग सहकाऱ्याला कामाबद्दल वेगळं काही विचारू नका, तो अपमान आहे. गरज असेल तर तो स्वतः सांगेल. मोठा स्क्रीन द्या, लिफ्टजवळची जागा द्या, विषय संपला. पण काम आणि टार्गेट सगळ्यांना सारखंच ठेवा, नाहीतर उद्या प्रत्येकजण सवलत मागेल. आणि खासगी कंपनीवर या बाबतीत कायद्याचं काही बंधन नाही.”

असा सल्ला ऑफिसांत ऐकू येतो. त्यातला एकेक मुद्दा तपासू. सुरुवात स्क्रीनपासूनच करते, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. मी एचआरमध्ये काम करते. नुसतं ‘नजर कमी आहे’ एवढं ऐकून मोठा मॉनिटर मागवणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

मरोळच्या एका कंपनीतला अकाउंट्सचा कर्मचारी डोळ्यांसमोर आणा. वय पस्तिशीच्या आसपास, घर डोंबिवलीला. त्याला रेटिनायटिस पिग्मेंटोझा आहे. हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार आहे. बहुतेकांना आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं हळूहळू कमी होत जातं आणि नजर नळीतून पाहिल्यासारखी अरुंद होते. मधली नजर मात्र अनेक वर्षं चांगली राहू शकते. म्हणून हा माणूस फोनवरची बारीक अक्षरं सहज वाचतो आणि दोन मिनिटांनी पॅसेजमधल्या कचरापेटीला अडखळतो. हे पाहून ‘नाटक करतो’ म्हणणारे लोक भेटतातच. त्यांना हा आजार कोणी समजावून सांगितलेला नसतो.

त्याला 27 इंची मॉनिटर दिला आणि त्याचं काम आणखी अवघड झालं. त्याच्या नजरेत एका वेळी मावणारा भागच लहान आहे. स्क्रीन जेवढा रुंद आणि अक्षर जेवढं मोठं, तेवढं कमी त्या भागात मावतं. मग एक्सेलची एक ओळ वाचायला मान डावीकडून उजवीकडे फिरवावी लागते आणि परत येताना ओळ हरवते. ज्यांच्या नजरेचा मधला भाग गेलेला असतो, त्यांची गोष्ट नेमकी उलटी. त्यांना मोठं अक्षर आणि मॅग्निफायर खरोखर उपयोगी पडतो. दोघांच्याही फाइलीत शेरा एकच असतो, ‘अल्पदृष्टी’. म्हणूनच त्याच माणसाला विचारल्याशिवाय खरेदी करू नये.

विचारल्यावर जे कळलं, त्याला खर्च जवळजवळ आलाच नाही. जुना लहान मॉनिटर परत आला आणि नेहमीपेक्षा थोडा लांब ठेवला, म्हणजे जास्त मजकूर एका नजरेत बसतो. पार्श्वभूमी गडद केली, कारण झगमगाटाने त्याचे डोळे दिपतात. माउसचा बाण मोठा केला आणि कंट्रोल की दाबली की बाणाभोवती वर्तुळ उमटेल अशी विंडोजमधलीच सोय चालू केली. बाण शोधण्यात त्याचा किती वेळ जात होता, हे तोपर्यंत कोणाला ठाऊकच नव्हतं. वीस कॉलमच्या शीट तोडून सहा-सात कॉलमच्या केल्या आणि पार्टीच्या नावाचा पहिला कॉलम गोठवून ठेवला. टेबल असं फिरवलं की खिडकी ना स्क्रीनच्या मागे राहिली ना त्याच्या पाठीमागे, ती बाजूला आली. पॅसेजमधले फाइलींचे खोके हलले, काचेच्या दारावर जाड पिवळी पट्टी लागली. लिफ्टजवळची जागा त्याला नकोच होती. तिथे सतत माणसं आडवी येतात.

आता ‘तो स्वतः सांगेल’ या मुद्द्याकडे येऊ. तो सांगत नाही, आणि त्याला कारणं आहेत. प्रोबेशन चालू असतं. आधीच्या नोकरीत सांगितल्यावर काय झालं ते लक्षात असतं. शिवाय काय मागता येतं, हेच अनेकदा माहीत नसतं. तोवर साहेबांना दिसतं ते वेगळंच. डिसेंबरात हा पावणेसहाला बॅग उचलतो, प्रोजेक्टरसाठी दिवे बंद केले की ट्रेनिंगला यायचं टाळतो, गोडाऊनला जायचं म्हटलं की काहीतरी कारण काढतो. सुटी सुटी पाहिली तर ही कामचुकारपणाची लक्षणं वाटतात. एकत्र ठेवली की तिन्हींत अंधार आहे. एकाच प्रकारच्या प्रसंगी माणूस मागे सरतो आणि बाकी वेळी त्याचं काम चोख असतं, तेव्हा शिस्तीचं पत्र काढण्याआधी बोलायला हवं.

बोलणं अप्रेझलच्या बैठकीत काढू नये. तिथे प्रत्येक वाक्य पगाराशी जोडलं जातं. आदल्या दिवशी विषय सांगून ठेवावा, म्हणजे समोरच्याला विचार करायला रात्र मिळते. आणि आजाराच्या नावाने सुरुवात न करता, आपण कामात काय पाहिलं तिथून करावी. साधारण असं:

“तुमचं रिकन्सिलिएशन वेळेत असतं, त्यात चुका नसतात. गोडाऊनचं काम आणि संध्याकाळी उशिरा थांबणं मात्र जड जातंय असं मला वाटतंय. माझा अंदाज चुकीचाही असेल. कामाच्या पद्धतीत, जागेत किंवा वेळेत काही बदललं तर सोपं होईल का? आजाराबद्दल सांगायलाच हवं असं नाही.”

एवढं बोलून थांबावं. पहिलं उत्तर बहुधा “नाही मॅडम, सगळं ठीक आहे” असंच येतं. त्यावर उलटतपासणी करू नये. “बरं. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विचारेन, आणि मधे कधीही बोलावंसं वाटलं तर या,” एवढं पुरे. दुसऱ्या वेळेला पुष्कळ जण बोलतात. ‘किती टक्के आहे’, ‘बरं होणार का’, ‘घरी कोण कोण आहे’ हे प्रश्न कामाच्या जुळवणीसाठी लागत नाहीत. ‘कुठलं काम, कुठल्या वेळी, कुठे अडतं’ एवढंच लागतं. कर्मचाऱ्याने स्वतः विषय काढायचा असेल तरी हीच वाट सोपी. “मॅडम, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर मला दिसत नाही. आठला येऊन पाचला निघालो तर चालेल का?” अडचण आणि तोडगा एकत्र मांडला की वरिष्ठाला निर्णय घेणं सोपं जातं.

ठरलेलं त्याच दिवशी ईमेलवर यावं. काय बदलणार, कोण करणार, कधीपर्यंत, आणि पुन्हा कधी पाहायचं. तोंडी ठरलेली जुळवणी वरिष्ठ बदलला की हवेत विरते, आणि नवा साहेब पहिल्याच आठवड्यात ‘तुम्ही लवकर का निघता’ म्हणून विचारतो. टीमला सांगायचं ते फक्त व्यवस्थेबद्दल, जसं की यांची वेळ आता आठ ते पाच. आजार सांगायचा की नाही, हे तो ठरवेल.

काम आणि टार्गेटचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा. एका पदात पाच-सात कामं असतात आणि ती सगळी त्या पदाचा गाभा नसतात. या माणसाच्या पदाचा गाभा म्हणजे पुरवठादारांची खाती आणि बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदींशी हिशेब जुळवणं. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये जाऊन माल मोजणं हे वर्षातून काही दिवसांचं, सवयीने त्याच्याकडे आलेलं काम. तिथे उजेड कमी, जमिनीवर पॅलेट, मधूनच फोर्कलिफ्ट. ते काम शेजारच्या सहकाऱ्याकडे गेलं आणि त्याच्याकडचं जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं जीएसटीचं विवरण, जुळवायचं काम याच्याकडे आलं. दर महिन्याच्या 14 तारखेला ते विवरण पोर्टलवर येतं, मग खरेदीच्या नोंदींशी बिलागणिक ताडून पाहायचं. किचकट काम आहे, पण टेबलावरचं आहे. त्यामुळे कोणाचा भार कमी झाला नाही, अदलाबदल झाली.

वेळेचंही तसंच. मुंबईत डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. दहा ते सातची ड्यूटी म्हणजे मरोळ नाक्यापर्यंतचा उखडलेला फूटपाथ अंधारात तुडवायचा, मेट्रोने घाटकोपर गाठायचं आणि ऐन गर्दीत डोंबिवलीची लोकल पकडायची. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा असतो, पण त्या डब्यापर्यंत पोचणं हाच खरा प्रश्न असतो. आठ ते पाच केल्यावर हिवाळ्यातही तो उजेडात स्टेशन गाठतो. महिनाअखेरीला उशिरापर्यंत बसावं लागतं, तेवढे दिवस पाचला निघून उरलेलं काम घरून लॉगिन करून करायचं असं ठरलं.

काम किती बिनचूक हवं आणि खाती कधी बंद व्हायला हवीत, हे मापदंड बदलले नाहीत, बदलू नयेतही. नवी मांडणी अंगवळणी पडेपर्यंत पहिले काही आठवडे बिलांची संख्या कमी धरली, तेही लिहून, शेवटची तारीख टाकून. हे लिहिलं नाही तर दोन टोकं होतात. एकतर त्याच आठवड्यात पूर्ण आकडा मागितला जातो, नाहीतर कोणी काहीच मागत नाही आणि त्याला महत्त्वाचं काम देणंच बंद होतं. दुसरं टोक जास्त वाईट. ते दयेच्या रूपात येतं आणि माणसाची बढती खाऊन टाकतं.

अर्थात प्रत्येक पदात हे जमेलच असं नाही. तो गोडाऊन सुपरवायझर असता तर माल मोजणं हाच गाभा ठरला असता. तिथे अदलाबदल पुरत नाही, त्याच्या पात्रतेचं दुसरं पद शोधावं लागतं.

बाकीचे मागतील? मागू द्या. ज्याची आई डायलिसिसवर आहे त्यानेही वेळ बदलून मागितली, तर ती मागणी तिच्या गुणदोषांवर तपासता येते. एकाची न्याय्य गरज नाकारणं हे दुसऱ्याची मागणी टाळण्याचं साधन होऊ शकत नाही.

कायद्याबद्दल मात्र चुकीची माहिती फिरते आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. वाजवी सोय, म्हणजे वर सांगितली तशी जुळवणी, नाकारणं हा भेदभावच, असं त्याच्या व्याख्येतच आहे. सोय पुरवण्याचं नोकरीपुरतं थेट कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे, हे खरं. पण समान संधी धोरण जाहीर करणं प्रत्येक आस्थापनेवर बंधनकारक आहे. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांना काय सुविधा मिळतील, हे लिहावं लागतं आणि त्यासाठी संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढे 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत. दिव्यांगत्व किमान 40 टक्के असण्याची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. दिव्यांग व्यक्तीच्या मूळ व्याख्येत टक्केवारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात हा फरक स्पष्ट केला आणि परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही असं ठरवलं. त्यामुळे ‘आधी सर्टिफिकेट आणा, मग टेबल फिरवू’ असं म्हणणाऱ्या एचआरने कायदा पुन्हा वाचावा.

आणि ‘विषय संपला’ असं या आजारात कधीच होत नाही. नजर आणखी अरुंद होऊ शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकायला वेळ लागतो. नजर साथ देत असतानाच ते शिकायला घेतलं तर पुढे कामात खंड पडत नाही. मुंबईत वरळीची नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, आणि सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांसाठीचं रिसोर्स सेंटर या क्षेत्रात बरीच वर्षं काम करत आहेत. तिथे शिकायला जाणारे तास रजेत न धरता कामाच्या वेळेत धरायचे, हेही त्याच ईमेलमध्ये लिहून ठेवावं.