२२० वजा ४४, तरी माझे १७६ नाहीत

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये मॅक्स पल्सचा, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडतात याचा विषय निघाला की कुणीतरी लगेच "२२० वजा वय" सांगून मोकळं होतं. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण या सूत्रापायी माझं एक अख्खं वर्ष वाया गेलं. मी ४४ वर्षांची. सूत्राने १७६ आले. हलकं पळणं त्याच्या पाऊणपटीच्या आत ठेवायचं, म्हणजे १३२. मरीन ड्राइव्हवर पल्स १३३ झाली की मी चालायला लागायचे, आणि श्वास तर अगदी आरामात असायचा! ते सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या मॅक्स पल्समध्ये वीसेक ठोक्यांचा फरक सहज असू शकतो.

शेवटी जानेवारीत चढावर मोजायचं ठरवलं. त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढला, बीपी तपासलं आणि काय करणार आहे ते त्यांना स्पष्ट सांगितलं. पळायला लागून तीन वर्षं झाली होती, तरीही.

मनगटावरच्या घड्याळावर या कामात माझा अजिबात भरवसा नाही. जोरात पळताना ते कित्येकदा पल्सऐवजी पावलंच मोजतं. माझी पावलं मिनिटाला १७४ पडतात, आणि घड्याळही १७४ वरच अडकून बसायचं. म्हणून छातीचा पट्टा हवा, आणि तो बांधण्याआधी आतली बाजू पाण्याने ओली करायची. कोरडा राहिला तर पहिल्या पाच मिनिटांत वाट्टेल ते आकडे दिसतात. मला दुसऱ्याच मिनिटाला २०३ दिसले होते आणि तेव्हा मी चालत होते!

सकाळी साडेपाचला चौपाटीवर वीस मिनिटं हळू पळाले, मग मलबार हिल. तीन बत्तीहून हँगिंग गार्डनकडे चढणारा रस्ता बेताच्या चढाचा आहे. खूप उभा चढ नकोच, तिथे दम लागण्याआधी पोटऱ्या हार मानतात. पहिली चढण तीन मिनिटांची, दोन-तीन शब्द बोलता येतील इतक्या वेगात: १७१. चालत खाली. दुसरी जरा जोरात: १८१. पुन्हा चालत खाली, श्वास बसेपर्यंत. तिसरीत दोन मिनिटं दुसरीच्याच वेगाने, मग वाढवत नेलं आणि शेवटची तीस सेकंदं होतं नव्हतं ते सगळं लावलं. १८७, १८८, १८९. तो १८९ पाच-सहा सेकंद टिकला, म्हणून मी तो खरा मानते. क्षणभर उडालेला आकडा धरायचा नाही.

वर पोचल्यावर कठड्याला टेकून थांबायचा मोह होतो. थांबू नका. रक्त पायांत साचतं आणि घेरी येते. मी दहा मिनिटं चालत राहिले. मैत्रीण पाणी आणि फोन घेऊन वर उभी होती. एकटीने हे करायचंच नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, धडधड वेडीवाकडी, यातलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबायचं आणि मदत बोलवायची. आणि हा प्रयोग एप्रिल-मेमध्ये नको. आपल्या दमट उकाड्यात मॅक्सला पोचण्याआधीच पाय गळतात आणि उष्माघाताचा धोका उगाच ओढवतो.

आता ज्यांनी हे करूच नये त्यांच्याविषयी. ग्रुपमधले एक काका ५२ वर्षांचे. माझा आकडा ऐकून म्हणाले, "रविवारी मीपण येतो." त्यांना बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. मी म्हटलं, "काका, ही गोळी पल्स दाबून ठेवते. जीव तोडून चढलात तरी आकडा तुमचा नाही, गोळीचा येईल." त्यावर ते म्हणाले, "मग दोन दिवस गोळी बंद ठेवतो." माझ्या अंगावर काटा आला. ही गोळी अचानक बंद केली तर बीपी आणि पल्स उसळते, हृदयावर ताण येतो. स्वतःच्या मनाने ती कधीही सोडू नये.

हृदयाचा आजार असलेले, चालताना छातीत दुखणारे, व्यायाम करताना कधी चक्कर येऊन पडलेले, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल असे, बीपी किंवा शुगर आटोक्यात नसलेले, गरोदर बायका, आणि काल-परवा पळायला लागलेले: या सगळ्यांनी हा चढ टाळावा. ताप येऊन गेला असेल तरी थांबा, मग तो डेंग्यू असो की साधा व्हायरल. तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर बाहेरून कित्येकदा काहीच कळत नाही.

काकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट केली. रिपोर्ट चांगला आला. पण त्यातला सर्वांत मोठा आकडा म्हणजेही मॅक्स पल्स नव्हे. बऱ्याचदा सूत्राच्या ८५ टक्क्यांना पोचलं की टेस्ट थांबवतात, काकांच्या वयाला साधारण १४३. आता ते पल्स बघतच नाहीत. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे एवढाच त्यांचा नियम, आणि माझं हलकं पळणं १४० च्या आसपास आल्यापासून शेजारी बहुतेक मीच असते.