पप्पूचा चष्मा

आपल्याला फोटोशॉप येतं, हे नातेवाइकांना कधी कळू देऊ नये. मी ती चूक केली आणि पुतण्याचा बायोडाटा घेऊन वहिनी दारात उभ्या राहिल्या.

"भावजी, चष्मा तेवढा काढा. बाकी आहे तसंच राहू दे. आपल्याला काही कुणाला फसवायचं नाहीये."

चष्मा काढणं म्हणजे खुंटीवरून टोपी काढण्याइतकं सोपं, असा त्यांचा समज. फ्रेम मी दहा मिनिटांत पुसली. आसपासची कातडी उचलायची आणि फ्रेमवर थापायची, गिलाव्यासारखं काम. पण फ्रेम गेल्यावर पप्पू भलताच दिसू लागला. डोळे हरभऱ्याएवढे, आणि दोन्ही कानशिलांपाशी चेहरा आत गेलेला, उंदरानं कुरतडल्यासारखा. दोष पप्पूचा नव्हता. मायनस नंबरची काच पलीकडचं सगळं लहान करून दाखवते, त्यामुळे काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकते. म्हणजे मी पुसला तो नुसता सांगाडा. काचा चेहऱ्यावरच राहिल्या होत्या!

यावर खरा उपाय एकच. त्याच जागी, त्याच उजेडात बिनचष्म्याचा दुसरा फोटो काढायचा आणि त्यातले डोळे इथे बसवायचे. पण पप्पू बंगळुरात, आणि हा फोटो कुणाच्या तरी लग्नातला. मग मीच डोळे थोडे मोठे केले आणि उजवं कानशील भरून काढलं. तेवढ्यात वहिनींनी चहा आणला.

"कपाळ जरा मोठंच वाटतंय, नाही?"

आता केस आणायचे कुठून? पप्पूकडे द्यायला शिल्लक नव्हते. शेवटी माझाच एक जुना फोटो काढला, भांग उलट्या बाजूला होता म्हणून आरशासारखा फिरवला आणि पप्पूच्या डोक्यावर ठेवला. छान बसला. घराण्याचेच केस ते. या आनंदात डावं कानशील भरायचं राहूनच गेलं.

स्थळ साताऱ्याचं. कांदेपोह्यांना पप्पू फोटोशी इमान राखून बिनचष्म्याचा आला आणि पोह्यांतली मिरची शेंगदाणा समजून चावत बसला. मुलीचे मामा बायोडाटा हातात धरून बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कागद खिडकीकडे नेला.

"नंबर किती तुमचा? मायनस सहाच्या आसपास?"

"साडेपाच," पप्पू ठसक्यातून म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही. ते खातं घरात माझ्याकडे आहे.

"माझं चष्म्याचं दुकान आहे," मामा म्हणाले. "हे डावं कानशील बघा. आत गेलंय ना? उजवं मात्र ठीक आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवरच्या खोबऱ्याकडे पाहिलं.

मुलीच्या आजीनं फोटो मागून घेतला. आधी पप्पूच्या टाळूकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग बराच वेळ माझ्या डोक्याकडे.

"अहो," त्या मला म्हणाल्या, "मुलगा नक्की कोणता?"