घड्याळ लावून बादली भरा

"गॅस गिझर परवडतो की लाईटचा? बादलीमागे नेमका किती खर्च?"

आमच्या भुसावळात जानेवारीच्या पहाटे टाकीचं पाणी 15 अंशांच्या आसपास असतं. 18 लिटरची बादली 40 अंशांवर न्यायला अर्धा युनिट उष्णता लागते. लाईटच्या गिझरची टाकी मधल्या वेळात निवते, तेही धरून 0.6 युनिट. वरच्या स्लॅबचा दर 10 रुपये धरला तर 6 रुपये.

माझ्या गॅस गिझरच्या पट्टीवर तासाला 0.85 किलो गॅस लिहिलाय. बादली साडेतीन मिनिटांत भरली, म्हणजे 50 ग्रॅम. सिलिंडर 900 ला धरलं तर सव्वातीन रुपये. तेवढ्याच कोमट बादलीला पाच मिनिटं लागली तर बर्नर काजळलाय समजा. आणि गिझर न्हाणीघराबाहेरच लावा. आत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही नसतो.