जुना टीव्ही, स्ट्रीमिंग स्टिक आणि ती तीन पिनची वायर

“एका टोकाला एचडीएमआयची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी पिन असलेली साधी वायर घ्या, जुन्या टीव्हीवर स्टिक चालते.”

चालत नाही. स्टिकमधून डिजिटल सिग्नल निघतो आणि चित्राच्या पिवळ्या पिनेला अॅनालॉग लागतो. नुसती तांब्याची तार हा बदल करू शकत नाही, त्यासाठी चिप असलेला कन्व्हर्टर, म्हणजे एक छोटी डबी हवी. घेताना डबीवर HDMI2AV लिहिलेलं पाहा. AV2HDMI उलट दिशेचा असतो आणि दिसायला अगदी तसाच.

मामांच्या २१ इंची टीव्हीला तो जोडला तेव्हा चित्र काळं-पांढरं आलं. डबीवरचं बटण NTSC या अमेरिकी टीव्ही पद्धतीवर होतं; आपल्याकडच्या PAL वर सरकवताच रंग आले. डबीला आणि स्टिकला वीज वेगवेगळ्या चार्जरवरून दिली, कारण टीव्हीच्या यूएसबीवर स्टिक वारंवार बंद पडू शकते.

पण मर्यादा मान्य करायलाच हवी. पिवळ्या पिनेवरून फार तर ५७६ ओळींचं चित्र जातं, म्हणून मेनूची बारीक अक्षरं पुसट दिसतात आणि कडा थोड्या कापल्या जातात. मेनू दिसतो पण सिनेमा लावला की पडदा काळा होतो, तर बहुधा डबी कॉपी-संरक्षण, म्हणजे HDCP, हाताळत नाही. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही, डबीच बदलावी लागते.

टीव्हीला हिरवी-निळी-लाल कंपोनंट जॅक असतील तर त्यासाठीचा वेगळा कन्व्हर्टर घ्या. टीव्ही जास्त ओळींचं चित्र पेलत असेल तर चित्र स्पष्टच जास्त चांगलं येतं.