डाव्या कानाचे पैसे परत द्या, शेठ

शेठ, नमस्कार. पत्र लिहायची वेळ आली कारण फोनवर तुम्ही "बघतो" म्हणता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवता, आणि तो अंगठा दाखवून माझं गिऱ्हाईक काही शांत होत नाही. मागच्या वेळी तुम्ही माइकवाल्या वायरच्या इयरफोनचा 100 पीसचा बॉक्स पाठवलात ना, त्याचा डावा कान बंद आहे. एखाद्या पीसचा असता तर मी बोललोही नसतो, धंद्यात एवढं चालतंच, पण इथे अख्ख्या बॉक्सनेच डावीकडून मौन धरलंय आणि प्रत्येक डबीवर क्यूसी पासचं स्टिकर मात्र न चुकता लावलंय.

20 पीस विकले, 17 परत आले. न आलेल्या तिघांपैकी एकजण उजवा बड डाव्या कानात घालून "चालतोय की" म्हणत गेला, असली देवमाणसं रोज येत नाहीत.

तुमच्या माणसाने आधी सांगितलं की गिऱ्हाईकाच्या फोनचा पोर्ट खराब असेल. बरं, त्याच फोनला दुसऱ्या कंपनीचा इयरफोन लावला तर दोन्ही कान वाजतात. मग म्हणे सेटिंगमध्ये बॅलन्स उजवीकडे सरकला असेल. तोही बघितला, बरोबर मध्यावर होता. मग म्हणे मोनो ऑडिओ चालू करायला सांगा. आता मोनो केल्यावर दोन्हीकडचा आवाज एकत्र होऊन उजव्यात सगळं ऐकू येतं हे खरं, पण डावा तसाच बंद राहतो ना, म्हणजे गिऱ्हाईकाला सांगायचं काय, की दुसरा बड शोभेला ठेवा?

शेवटी मल्टीमीटर काढला. तुम्हाला माहितीच असेल, पिनचं टोक म्हणजे डावा, त्याच्या मागची रिंग उजवा, त्यामागची ग्राउंड आणि शेवटचा भाग माइक. 200 ओहमच्या रेंजवर एक प्रोब ग्राउंडला आणि दुसरा उजव्याच्या रिंगला टेकवला की 32 च्या आसपास आकडा येतो आणि बड कानात असेल तर बारीकशी टक् ऐकू येते. तोच प्रोब टोकाला नेला की टक् नाही, काही नाही, आणि स्क्रीनच्या डाव्या कडेला नुसता एक 1 उभा. त्याचा फोटो तुम्हाला पाठवला तर तुमच्या माणसाचं उत्तर, "1 ओहम दाखवतोय म्हणजे वायर एकदम टाइट जोडलेली आहे, माल ओके." अहो, त्या मीटरवर एकटा 1 म्हणजे आकडा रेंजच्या बाहेर गेला, सर्किट तुटलेलं आहे! त्याला एकदा मीटर हातात द्या, नाहीतर काढून तरी घ्या.

आता तुम्ही म्हणाल की गिऱ्हाईकांनी वायरी ओढल्या. ओढलेली वायर मी ओळखतो शेठ, ती पिनेजवळ वाकवली की खरखरत मधेच वाजते, मधेच जाते. परत आलेल्यात तसे 2 निघाले, ते मी धरलेच नाहीत. बाकीचे कसेही वाकवा, ढिम्म. म्हणून एका पिनेचं प्लास्टिक ब्लेडने सोलून बघितलं. आत डाव्याची हिरवी वायर टोकाच्या सोल्डरमध्ये नुसती रुतून बसलेली, चिमट्याने धरली तर अलगद बाहेर आली, आणि तिचं हिरवं वार्निश तसंच्या तसं! या केसासारख्या तारांवर वार्निश असतं, ते गरम सोल्डरने जाळल्याशिवाय तांब्याला टाका लागतच नाही. लाल वायरचं जाळलेलं होतं, हिरवीच्या वेळी बहुतेक कारागिराची चहाची सुट्टी झाली. तीच वायर मी नवीन पिनेला नीट जाळून जोडली आणि डावा कान खणखणीत वाजला. म्हणजे स्पीकर चांगलाय, वायर चांगलीय, गडबड पिनेच्या टाक्यात आहे आणि ती कारखान्यातूनच आलीय. (सगळ्या पिना मीच बदलून विकू का, असं विचारू नका. तेवढ्या वेळात पिन आणि मजुरी धरून इयरफोन फुकट वाटलेला परवडेल.)

न विकलेले 80 ही मीटरवर लावले, 74 तसेच निघाले, 6 चांगले, ते मी ठेवतो. म्हणजे 74 आणि परत आलेले 15, असे 89 पीस बॉक्स बांधून तयार आहेत. सोललेली पिन वेगळ्या पुडीत टाकलीय, वर "बघाच" असं लिहिलंय. बिलाची झेरॉक्स आणि लॉट नंबरचं लेबलही आत आहे.

मला 89 पीसचे पैसे खात्यावर पाहिजेत आणि परत पाठवायचं भाडं तुमच्याकडे. पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट करू म्हणू नका, मागच्या वेळचं अ‍ॅडजस्टमेंट अजून पुढच्याच बिलात आहे. बदली मालही याच लॉटमधला नको, दुसऱ्या लॉटचा असेल तर आधी 10 पीस पाठवा, मी टोकाला प्रोब लावून बघतो आणि मग ऑर्डर देतो.

आणि शेठ, या पत्राला अंगठा पाठवू नका.

तुमचा,
मोबाईल अ‍ॅक्सेसरीजवाला